कौतुकाने कोरी राहिलेली शिफारसपत्रे

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून इंटर्नशिप संपवून निघणाऱ्या मुलाच्या हातात बहुधा दोन कागद असतात. पहिला प्रमाणपत्राचा: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत हा आमच्याकडे होता. दुसरा, मागितलाच तर, ज्याच्या हाताखाली काम केले त्या पर्यवेक्षकाचे शिफारसपत्र. पहिला कागद हजेरीची साक्ष देतो आणि तेवढेच त्याचे काम आहे. दुसऱ्या कागदाने मात्र या मुलाला कधीच न पाहिलेल्या माणसाला सांगायचे असते, की याच्यासमोर कोणते काम आले आणि त्याने त्याचे काय केले. हे दुसरे काम आता होईनासे झाले आहे. शिफारसपत्र हे प्रमाणपत्राचीच लांबलेली, विशेषणांनी फुगलेली प्रत बनत चालले आहे. याची किंमत कोण मोजतो, हे पर्यवेक्षकांनी वेळीच समजून घ्यायला हवे.

हे पत्र मागणाऱ्यांची संख्या अचानक वाढली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर पहिल्या वर्षाला चार क्रेडिटचे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आले. एका क्रेडिटला 30 तास धरले तर ते 120 तासांचे काम होते, म्हणजे रोज 6 तास याप्रमाणे 20 दिवस. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या क्षेत्रातली मुले त्यासाठी टॉवेलच्या कारखान्यांत, बँकांत, दवाखान्यांत आणि सनदी लेखापालांच्या कार्यालयांत जाऊन बसतात. त्यात 2024मध्ये राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन, मुदत आधी 6 महिन्यांची आणि पुढे वाढवलेली, आणि शेवटी प्रमाणपत्र. ज्यांनी आयुष्यात कधी कुणासाठी शिफारसपत्र लिहिले नव्हते, अशा कार्यालयप्रमुखांकडे आणि खातेप्रमुखांकडे आता दर वर्षी पाच-दहा मुले हे पत्र मागायला उभी राहतात.

त्यातून एक सोपी वाट पडली आहे. मुलगी शेवटच्या दिवशी टेबलापाशी येते. "सर, एक लेटर पाहिजे होतं." साहेब वर न बघता म्हणतात, "मजकूर टाइप करून आण, सही करून देतो." ती मैत्रिणीकडून तिचे पत्र मागून घेते, नाव आणि तारखा बदलते. त्यात 'हार्डवर्किंग', 'सिन्सिअर', 'पंक्च्युअल' आणि 'क्विक लर्नर' हे चार शब्द असतातच. शेवटी उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. शिक्का बसतो, सही होते. साहेबांना आपण उपकार केल्याचे समाधान मिळते आणि मुलीलाही पत्र मिळाल्याचे. कुणाचे काही बिघडले असे दोघांनाही वाटत नाही.

बिघडते ते पुढे. पुण्यातल्या एखाद्या कंपनीत भरतीचे काम पाहणाऱ्यासमोर अशी चाळीस पत्रे येतात आणि चाळिसांतही तेच चार शब्द असतात. त्याने काय करावे? सगळ्यांविषयी जे म्हटले जाते, ते कुणाविषयीच काही सांगत नाही. तो पत्र उलटे ठेवतो आणि कॉलेजचे नाव, टक्के आणि ओळखीच्या कुणाचा फोन आला आहे का, यांकडे वळतो. सोलापूरकरांना हा प्रकार नवा नाही. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरी परगावच्या मागांवर निघालेला हलका माल 'सोलापुरी' हे लेबल लावून बाजारात येतो. तिथे फसणारे गिऱ्हाईक एकदाच फसते. पुढच्या वेळी ते खऱ्या चादरीवरच्या लेबलाकडेही संशयाने बघते, आणि तोटा खरी चादर विणणाऱ्याचा होतो. शिफारसपत्राचे असेच आहे. पोकळ पत्राचा फटका खरोखर चांगले काम केलेल्या मुलीला सर्वांत जास्त बसतो, कारण तिला आणि वीस दिवस पंख्याखाली बसून गेलेल्याला एकाच मजकुराचा कागद मिळालेला असतो.

सर्वांचेच कौतुक करायचे ठरले की भाषेचे काय होते, याचा पुरा अनुभव जर्मनीने घेतला आहे. तिथे नोकरी सोडणाऱ्याला कामाचे मूल्यमापन करणारे पत्र मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि ते पत्र खरे असावे, तसेच त्या माणसाच्या पुढच्या वाटचालीत आडवे येऊ नये, अशी अपेक्षा न्यायालयांनी घालून दिली. वाईट उघडपणे लिहायचे नाही म्हटल्यावर मालकांनी स्तुतीचीच प्रतवारी केली. 'आमचे समाधान होईल असे काम केले' याचा अर्थ जेमतेम पास. 'पूर्ण समाधान' म्हणजे मध्यम. 'नेहमीच पूर्ण समाधान' म्हणजे चांगला. 'नेहमीच पूर्णतम समाधान', जे व्याकरणालाही धरून नाही, ते म्हणजे उत्तम. आणि 'त्याने प्रयत्न केला' असे लिहिले तर समजायचे, की जमले काहीच नाही. वरवर सगळी पत्रे गोड दिसतात, पण खरा मजकूर जाणत्यालाच कळतो आणि ज्याच्याविषयी ते लिहिले आहे त्याला कित्येकदा आपल्या हातात काय आहे याचा पत्ता नसतो. आपल्याकडे अजून अशी सांकेतिक भाषा तयार झालेली नाही. आपण त्याआधीच्या पायरीवर आहोत: शब्द निकामी झाले आहेत आणि त्यांच्या जागी दुसरे काही आलेले नाही.

यावरचा उपाय एका वाक्यात सांगता येतो: गुण लिहू नका, घडलेले काम लिहा. पण हे वाक्य जेवढे सोपे दिसते तेवढे ते नाही, आणि अर्धवट पाळले तर पोकळ पत्रापेक्षाही जास्त घात करते. म्हणून एक उदाहरण तपशिलात पाहू. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातला प्रश्न टॉवेलच्या कोणत्याही कारखान्यात उभा राहू शकतो.

संख्याशास्त्राच्या एमएस्सीची एक विद्यार्थिनी टेरी टॉवेलच्या कारखान्यात तपासणी खात्यात 20 दिवस होती. माल 75 सेंटिमीटर रुंद आणि 150 सेंटिमीटर लांब अशा टॉवेलचा, प्रति चौरस मीटर 450 ग्रॅम वजनाचा. एका टॉवेलचे क्षेत्रफळ 1.125 चौरस मीटर भरते, म्हणजे त्याचे वजन 506 ग्रॅम यायला हवे. खरेदीदार 5 टक्के कमीजास्त चालवून घेतो. त्यामुळे 481 ग्रॅमच्या खालचा टॉवेल बाजूला काढला जातो. कारखान्यात तक्रार अशी, की रात्रपाळीच्या मालात हलके टॉवेल फार निघतात. विणाईचा मास्तर म्हणे, माग तेच, सूत तेच, मग रात्रीच वजन का उतरते? तपासणीवाले म्हणत, काटा खोटे बोलत नाही.

तिच्या ध्यानात आले ते हे, की रात्रपाळीचा माल सकाळच्या गाडीने जायचा असल्याने ड्रायरमधून निघताच तोलला जातो, आणि दिवसपाळीचा माल काही तास पडून राहिल्यावर. कापूस हवेतला ओलावा धरतो. प्रमाणित हवेत, म्हणजे 65 टक्के सापेक्ष आर्द्रतेला, कोरड्या कापसाच्या वजनाच्या 8.5 टक्के ओलावा धरला जातो. एखादा टॉवेल हाडासारखा कोरडा असताना 466 ग्रॅमचा असेल, तर प्रमाणित ओलाव्याला तो बरोबर 506 ग्रॅम भरेल. पण ड्रायरमधून गरम गरम काढला, त्यात जेमतेम 3 टक्के ओलावा असला, तर तोच टॉवेल 480 ग्रॅम दाखवेल आणि नापास होईल. टॉवेलमध्ये काहीच कमी नाही. तो तोलण्याची वेळ चुकीची आहे.

हा अंदाज तिने पडताळून पाहिला. 24 लॉटमधून प्रत्येकी 5 असे 120 टॉवेल निवडले, त्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि तेच टॉवेल तीनदा तोलले: ड्रायरमधून निघताच, 4 तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. सरासरी अनुक्रमे 482, 497 आणि 499 ग्रॅम आली. निघताच तोलले तेव्हा 55 टॉवेल 481 ग्रॅमच्या खाली होते. दुसऱ्या सकाळी त्यांतले 4 उरले. तपासणी प्रमुखांनी तिची नोंद पाहून नियम केला, की ड्रायरनंतर किमान 4 तास माल मांडणीवर ठेवल्याशिवाय तोलायचा नाही.

आता तिचे पत्र तीन प्रकारे लिहिता येते. पहिला प्रकार ओळखीचाच: 'तिने आमच्या गुणवत्ता विभागात मोलाचे योगदान दिले. तिची विश्लेषणक्षमता उत्तम आहे.' यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि हे वाक्य दुसऱ्या कुणाच्याही पत्रात जसेच्या तसे बसते. एखादे वाक्य पोकळ आहे की नाही, हे ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी हीच आहे. नाव खोडून तिथे दुसऱ्या इंटर्नचे नाव घाला. वाक्य तरीही खरे वाटत असेल, तर ते काढून टाका.

दुसरा प्रकार फसवा आहे, कारण तो नेमका दिसतो: 'हिच्यामुळे आमचे रिजेक्शन 46 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आले.' आकडे खोटे नाहीत. 120 पैकी 55 म्हणजे 46 टक्के, 120 पैकी 4 म्हणजे 3 टक्के. तरी वाक्य खोटे आहे. टॉवेल सुधारलेच नाहीत, बदलली ती मापण्याची रीत. आधीही बहुतेक टॉवेल चांगलेच होते; त्यांना चुकून नापास केले जात होते. शिवाय नियम तिने लावला नव्हता, तपासणी प्रमुखांनी लावला होता. उद्या मुलाखतीत कुणी कापडातला जाणता माणूस विचारेल, "रिजेक्शन एवढे कसे उतरवले? फाशांची उंची बदलली, की पाइलच्या उभाराचा ताण?" ती प्रामाणिक असेल तर म्हणेल, की मी मागाला हातही लावला नाही. त्या क्षणी पत्रातले एक वाक्य पडते आणि त्याच्याबरोबर उरलेले सगळे पत्र पडते. तिने खरोखर केलेले काम, जे वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी फार थोड्यांना सुचते, तेही संशयात येते. मोठे करून सांगण्याच्या नादात साहेबांनी तिची खरी कमाई घालवलेली असते.

तिसरे पत्र असे असेल:

'आमच्याकडे रात्रपाळीचे टॉवेल ड्रायरमधून निघताच तोलण्याची पद्धत होती. रात्रपाळीच्या मालात हलके टॉवेल जास्त निघत आणि दोष विणाईकडे जाई. तोलण्याची वेळ दोन्ही पाळ्यांत वेगळी आहे, हे प्रथम या विद्यार्थिनीने दाखवून दिले. तिने 120 टॉवेल तीन वेगवेगळ्या वेळी तोलून वजनातला फरक मांडला. नमुना कसा निवडायचा हे तिने स्वतः ठरवले. पहिल्या तीन दिवसांत दोन निरनिराळे काटे वापरले गेल्याचे लक्षात आल्यावर त्या नोंदी तिने आपणहून रद्द केल्या आणि काम पुन्हा सुरू केले. तिच्या नोंदींच्या आधारे आम्ही तोलण्यापूर्वी माल 4 तास ठेवण्याचा नियम केला. काही टॉवेल त्यानंतरही हलके भरले. त्यांचे कारण शोधण्याइतका वेळ तिला मिळाला नाही. आमच्याकडे ओलावा नियंत्रित करणारी खोली नाही, म्हणून तिचे आकडे आपसातल्या तुलनेपुरते घ्यावेत. मागाचे काम तिने केलेले नाही.'

या पत्रात स्तुतीचे एकही विशेषण नाही, तरी मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते. त्यामागे चार गोष्टी आहेत. काम हाती येण्यापूर्वी परिस्थिती काय होती, हे सांगितले आहे. त्यावाचून कोणत्याही कामाचे वजन कळत नाही. तिने स्वतः काय ठरवले आणि काय केले, हे इतरांच्या कामापासून वेगळे काढले आहे. त्यातून पुढे काय झाले आणि ते कुणी केले, हे लिहिले आहे. आणि काय झाले नाही, काय येत नाही, तेही लपवलेले नाही. पर्यवेक्षकांना सर्वांत अवघड वाटते ती ही चौथी गोष्ट. मर्यादा लिहिली तर पोरीचे नुकसान होईल, अशी त्यांना भीती असते. प्रत्यक्षात वाचणारा याच वाक्यांवरून आधीच्या वाक्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत रात्रभर ठेवलेला टॉवेलही 506 ग्रॅमला पोहोचत नाही, 499वर थांबतो. हे ज्याला समजते आणि जो ते पत्रात मान्य करतो, त्याने बाकीचेही खरेच लिहिले असणार, असे कापडातला माणूस लगेच ओळखतो.

पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी रद्द केल्याचे वाक्यही असेच. घाईतला पर्यवेक्षक ते गाळेल, कारण त्यात काम वाया गेल्याचा उल्लेख आहे. पण ज्याला हाताखाली माणूस घ्यायचा आहे, त्याच्या दृष्टीने या पत्रातले ते सर्वांत मोलाचे वाक्य आहे. पाठ्यपुस्तक वाचून सरासरी कुणीही काढेल. मात्र आपलेच तीन दिवसांचे आकडे बिघडले आहेत हे ओळखून, कुणी विचारण्याआधी ते फेकून देणे, ही सवय वर्गात शिकवता येत नाही आणि गुणपत्रिकेवर दिसतही नाही. ती दिसण्याची जागा शिफारसपत्र हीच आहे.

नेमकेपणाचा आणखी एक धोका सांगायला हवा. तो चांगुलपणातून येतो, म्हणून पटकन ध्यानात येत नाही. सोलापुरात विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांतली अनेक मुले-मुली शिकून वर येत आहेत, आणि त्यांच्याविषयी पर्यवेक्षकाला मनापासून आदर असतो. तो आदर पत्रात उतरतो: 'आई विड्या वळते, वडील आजारी असतात, अशा हलाखीच्या परिस्थितीतून हिने शिक्षण घेतले.' लिहिणाऱ्याचा हेतू निर्मळ आहे. परिणाम मात्र असा, की मुलाखतीला बसण्यापूर्वीच चार अनोळखी माणसांना तिच्या घरची गरिबी आणि वडिलांचे दुखणे माहीत होते. तिने हे कुणाला सांगायचे ठरवले होते का, असे कुणी विचारलेले नसते. काहींना तिची दया येते, काहींना वाटते ही सारखी रजा मागेल, आणि टॉवेलच्या वजनाचा परिच्छेद मागे पडतो. घर, जात, भाषा, लग्न, प्रकृती यांतले काहीही शिफारसपत्रात येऊ नये, मग ते कितीही कौतुकाने लिहिलेले असो. तीच गोष्ट कारखान्याच्या गुपितांची. खरेदीदाराचे नाव आणि एकूण मालातले रिजेक्शनचे प्रमाण मालकाला विचारल्याशिवाय बाहेर जाऊ नये. वरच्या पत्रात 55 आणि 4 हे आकडे मी मुद्दाम घेतले नाहीत, ते याचसाठी. वजनात फरक पडतो हे सांगितले तरी तिचे काम पुरेसे कळते.

मग ज्याने फारसे काही केलेच नाही, त्याचे काय लिहायचे? इथे पर्यवेक्षक अडतो आणि पुन्हा साच्याकडे वळतो. भाषेचा तत्त्वज्ञ पॉल ग्राइस याने एक उदाहरण दिले आहे, ते शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याविषयी त्याचे शिक्षक लिहितात, की त्याची भाषा चांगली आहे आणि तो वर्गाला नियमित येतो, बस्स, एवढेच. तत्त्वज्ञानाविषयी एक अक्षर नाही. लिहिलेले सगळे खरे आहे, वाईट काहीच लिहिलेले नाही, तरी वाचणाऱ्याला निकाल कळतो. म्हणजे जे महत्त्वाचे आहे त्याविषयी गप्प राहणे हेही मत देणेच आहे. यातून आपल्या साच्याच्या पत्रांचा एक भयंकर अर्थ निघतो. 'वेळेवर यायची, नम्र होती, कष्टाळू होती' एवढेच लिहिलेल्या पत्रात कामाविषयी मौन आहे. टॉवेल तोलणाऱ्या त्या मुलीला असे पत्र दिले, तर जाणता माणूस ते तिच्या विरोधात वाचेल. साहेबांनी प्रेमाने सही केलेला कागद तिच्याविषयी प्रतिकूल साक्ष देत फिरेल.

सामान्य काम केलेल्या मुलावर यात अन्याय होण्याची गरज नाही, कारण नेमके लिहायला काम मोठे असावे लागत नाही. समजा, त्याने 20 दिवस फक्त दोषांच्या जुन्या वह्या संगणकात चढवल्या. तर तसेच लिहावे: तीन महिन्यांच्या नोंदी चढवल्या, त्यांतल्या 50 आम्ही उलट तपासल्या, 2 चुकल्या होत्या, दोषांची नावे मास्तरांना विचारून घेतली, स्वतःच्या अंदाजाने भरली नाहीत. जिथे नोंदी भरणारा माणूस हवा आहे, तिथे हे पत्र चालेल. जिथे संशोधक हवा आहे तिथे चालणार नाही, आणि चालूही नये. ज्याच्याविषयी एकही खरे वाक्य सुचत नाही, त्याला पत्र नाकारून केवळ प्रमाणपत्र देणे हा प्रामाणिक मार्ग आहे. नाकारणे तोंडावर व्हावे, कारणासह व्हावे आणि इंटर्नशिप संपण्याच्या आत व्हावे, म्हणजे त्याला दुसऱ्या कुणाकडे जाता येईल.

विरुद्ध बाजूचा धोकाही आहे. ऐकीव माहितीवर वाईट लिहिणे. इंग्लंडमध्ये स्प्रिंग नावाच्या विमा-व्यावसायिकाविषयी त्याच्या आधीच्या कंपनीने नव्या कंपनीला कळवले, की हा माणूस सचोटीचा नाही. ती माहिती नीट तपासलेली नव्हती आणि त्याचा धंदाच बसला. 1994मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, ठरवले की असे पत्र देताना माहितीची काळजीपूर्वक खातरजमा करणे ही लिहिणाऱ्याची त्या माणसाप्रती जबाबदारी आहे. तो निकाल आपल्याला बंधनकारक नाही, पण त्यातला विचार आपल्यालाही लागू पडतो. पत्रातले प्रत्येक वाक्य, चांगले असो वा वाईट, लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेले असावे, किंवा ज्याने पाहिले त्याला विचारलेले असावे. टॉवेलच्या उदाहरणात रात्रपाळीच्या मास्तरला विचारल्याशिवाय पत्र पुरे होत नाही, कारण रात्री काट्यापाशी ती खरोखर थांबत होती की नाही, हे त्यालाच माहीत.

हे सगळे शेवटच्या दिवशी आठवून लिहिणे अशक्य आहे, आणि साच्याच्या पत्रांचे खरे मूळ इथेच आहे. पर्यवेक्षक बहुतेक वेळा लबाड नसतो. त्याला आठवत नसते. वीस दिवसांपूर्वी कोणता काटा बदलला होता हे कोण ध्यानात ठेवणार? म्हणून पत्राची तयारी पहिल्या दिवशी सुरू व्हायला हवी. एक साधी वही, आठवड्याला पाच ओळी: काय दिले, काय केले, कुठे अडले, कुणाला विचारले, काय राहिले. वही इंटर्नने लिहायची आणि पर्यवेक्षकाने शनिवारी वाचून खाली तारीख टाकायची. शेवटच्या आठवड्यात दोघांनी अर्धा तास बसून त्यातले एक किंवा दोन प्रसंग निवडायचे. दहा कामांची यादी करू नये. यादी पुन्हा साच्याकडे नेते. निवडलेल्या प्रसंगाचा कच्चा मजकूर मुलीने लिहिला तरी चालेल, कारण तपशील तिलाच जास्त माहीत असतो. पण तिचे नेमके काय आणि इतरांचे काय, ही वाक्ये पर्यवेक्षकाने स्वतःच्या हाताने लिहावीत. स्वतःच्या पत्रात स्वतःचा वाटा ठरवायला लावणे म्हणजे भिडस्त मुलीला कमी लिहायला लावणे आणि धीट मुलाला जास्त लिहू देणे. दोघांच्याही पत्रावर सही एकाच माणसाची असते, आणि तोच त्या वेळी तिथे नव्हता असे होते.

सही करण्यापूर्वी पत्र तिला वाचायला द्यावे आणि प्रत्येक वाक्यावर एक प्रश्न विचारावा: यावर कुणी विचारले तर काय सांगशील? जिथे ती अडखळते, ते वाक्य एकतर चुकीचे आहे किंवा फुगलेले. पत्रावर पर्यवेक्षकाचे पद, कार्यालयाचा फोन आणि तारीख असावी, आणि एक प्रत वहीसह फायलीत राहावी. सहा महिन्यांनी पुण्याहून फोन आला, तर पत्रात जे आहे तेच तोंडून निघाले पाहिजे.

यावर कारखानदार म्हणतील, की वीस दिवसांच्या पोरांसाठी एवढा व्याप कोण करणार. व्याप एकूण तीन-चार तासांचा आहे, पण प्रश्न तासांचा नाही. शिफारसपत्र निकामी झाले म्हणून भरती थांबत नाही; ती दुसऱ्या वाटेने होते. ज्या मुलाचा मामा पुण्यातल्या कंपनीत आहे, ज्याच्या वडिलांच्या एका फोनवर साहेब बोलतात, त्याला कागदाची गरज कधीच नव्हती आणि पुढेही असणार नाही. आपल्या घरातून पहिल्यांदाच कार्यालयाची पायरी चढलेल्या मुलीकडे मात्र असा फोन करणारे कुणी नसते. तिने काय केले हे तिला ओळखत नसलेल्या माणसापर्यंत पोहोचवणारी एकच वस्तू तिच्या हातात असते, आणि तिच्यावर सही तुमची असते. न वाचता, न आठवता केलेल्या प्रत्येक सहीने ओळखीच्या माणसाचा रस्ता थोडा रुंद होतो आणि तिचा तेवढाच अरुंद. पुढच्या मे महिन्यात कुणी पत्र मागायला आले, तर मजकूर टाइप करून आणायला सांगण्याआधी पर्यवेक्षकाने एवढा हिशेब मनात मांडून पाहावा.